छातीतली गाठ ते पहिली पाळी: अकरा वर्षांच्या मुलीला कधी आणि काय सांगायचं

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत शिकते. आम्ही पारोळा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. आठ दिवसांपूर्वी ती आंघोळीहून रडतच बाहेर आली. डाव्या बाजूला छातीत गाठ लागते, दुखते म्हणाली. मला कळलं काय ते, पण सांगायचं कसं ते सुचेना, म्हणून "काही नाही होत" म्हणून वेळ मारून नेली. सासूबाई म्हणतात, आतापासून काही सांगू नको, पोर बिघडेल. मला माझ्या आईने काहीच सांगितलं नव्हतं. मला खोटं बोलायचं नाही, पण एवढ्याशा पोरीला झेपेल असं कोणत्या शब्दांत सांगू?

उत्तर:

ताई, सुरुवात त्या गाठीपासूनच करा. पाळी, गर्भाशय हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायची घाई नको, कारण या घडीला तिच्या डोक्यात पाळी नाहीच, गाठ आहे. तुम्ही "काही नाही होत" म्हणालात, तिने मान डोलावली असेल, पण रोज आंघोळीला गेली की ती गाठ चाचपून बघत असणार. घरात किंवा शेजारी कुणाला छातीत गाठ होऊन कॅन्सर झाल्याचं तिच्या कानावर आलं असेल, तर रात्री झोपतानाही तेच मनात असेल.

तुम्हाला माहीत असेलच, पण कशावरून ओळखायचं ते नीट लिहिते. स्तनाग्राच्या बरोबर मागे, चपटी, शर्टाच्या बटणाएवढी, बोटाने जरा हलणारी आणि दाबलं की दुखणारी गाठ असेल, तर ती स्तन वाढायला लागल्याची खूण आहे. बऱ्याच मुलींना ती आधी एकाच बाजूला येते. दुसऱ्या बाजूला यायला काही आठवडे लागतात, कधीकधी सहा महिनेही लागतात. तोवर एक बाजू वर आलेली आणि दुसरी सपाट दिसते. त्यात काही बिघडलेलं नाही. मुलींमध्ये आठ ते तेरा या वयात केव्हाही ही सुरुवात होते, म्हणजे तुमची मुलगी अगदी वेळेवर आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. या वयातली ही गाठ कापून काढायची नसते आणि सुई टोचून तपासायचीही नसते. पुढे जो स्तन होणार, तो याच गाठीतून होतो. ती काढली तर त्या बाजूचा स्तन वाढतच नाही, आणि ते नंतर भरून येत नाही. नातेवाइकांनी घाबरवलं म्हणून सोनोग्राफीची फाइल घेऊन, चेहरा पांढराफटक करून आलेल्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गाठीवरची कातडी लाल आणि गरम असेल, ताप असेल, स्तनाग्रातून रक्त किंवा पू येत असेल, किंवा गाठ स्तनाग्रापासून लांब, एका कडेला असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. नाहीतर तपासण्यांची गरज नाही.

मुलीला सांगायला एवढे शब्द पुरतात: "परवा मी तुला नीट सांगितलं नाही, आता सांगते. ती गाठ कसल्या रोगाची नाही. तुझे स्तन वाढायला लागलेत, त्याची ती सुरुवात आहे. सगळ्या मुलींना होतं, मलाही झालं होतं. दुसऱ्या बाजूलाही येईल, थोडी उशिरा. धक्का लागला की दुखेल, म्हणून आतून सुती शमीज घालत जाऊ. जास्त दुखलं तर मला सांग." बस. यावर ती काही विचारेल किंवा नुसती "हं" म्हणून पळून जाईल. पळाली तरी तिने ऐकलं आहे. "स्तन" हा शब्द तुम्ही न अडखळता उच्चारलात, तर तो उच्चारता येतो एवढं तिला कळतं. पुढच्या वेळी तिथे काही झालं तर ती "इथे" म्हणून बोट न दाखवता सांगू शकेल, आणि कुणी तिथे हात लावला तर तेही सांगू शकेल.

आता पुढचं. काय केव्हा सांगायचं याचा बहुतेक आयांना पेच पडतो, पण शरीर स्वतःच क्रम ठरवून देतं. तो माहीत असला की प्रत्येक गोष्ट ती घडायच्या थोडी आधी सांगता येते. आधी स्तनांची ही गाठ. मग काही महिन्यांत जांघेत आणि काखेत बारीक केस, घामाला वास. मग उंची झपाट्याने वाढते. मग चड्डीवर पांढरं दिसू लागतं. आणि सगळ्यात शेवटी पाळी. गाठ आल्यापासून पाळी यायला साधारण दोन ते अडीच वर्षं लागतात. काही मुलींना दीड वर्षातच येते, काहींना तीन वर्षं लागतात. केस आधी आणि गाठ नंतर, असा थोडा उलटा क्रमही काही मुलींत असतो, तोही ठीक.

माझ्याकडे चोपड्याकडची एक आई मुलीला घेऊन यायची. तिने ठेवलेला हिशेब मी अनेकींना सांगते, म्हणून इथेही सांगते. मुलगी पाचवीत असताना दिवाळीत उजव्या बाजूला गाठ आली. डावीकडची यायला संक्रांत उलटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत घामाचा वास यायला लागला, काखेत चार केस दिसले. सहावीच्या वर्षभरात मुलगी सात सेंटिमीटर वाढली. आई दर दोन-तीन महिन्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारायची, म्हणून एवढं नेमकं कळलं. सातवीत गणपतीच्या सुमारास चड्डीवर पांढरे डाग दिसायला लागले. त्याच आठवड्यात आईने दप्तरात पॅडची पिशवी ठेवली. मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, पहिली पाळी आली. दिवाळीपासून मोजलं तर दोन वर्षं आणि चार-पाच महिने. मुलगी शाळेत होती. बाईंना सांगून बाथरूममध्ये गेली, पॅड लावला आणि पुढच्या तासाला वर्गात येऊन बसली.

तुमच्याकडेही गाठ नुकतीच आली आहे, म्हणजे पाळीला बहुधा दोन-अडीच वर्षं अवकाश आहे. पण म्हणून दोन वर्षं थांबू नका. वर्गातल्या एखाद्या मुलीला याच वर्षी येईल, आणि मग तुमच्या मुलीला ते कुजबुजत, अर्धवट कळेल. येत्या महिन्या-दोन महिन्यांत सांगून टाका. समोरासमोर बसवून "तुझ्याशी बोलायचंय" असं म्हणालात की मुली जमिनीकडे बघत बसतात. दोघींचे हात कामात असले की बरं जमतं. शेंगा फोडताना, धुणं वाळत घालताना, उन्हाळ्यात बिबडे टाकताना, किंवा रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर अंधारात. अंधारात मुली जे विचारतात ते उजेडात विचारत नाहीत.

पाळीबद्दल सांगताना दोन ठिकाणी बहुतेक मोठ्यांची गाडी घसरते. एक म्हणजे रक्त कुठून येतं ते. पोरींना वाटतं लघवीतून येतं, कारण त्या भागाला घरात एकच नाव असतं, नाहीतर नावच नसतं. तिला सांगा: "आपल्याला खाली तीन वेगळ्या जागा असतात. पुढची लघवीची, अगदी बारीक. मागची शीची. आणि या दोन्हींच्या मधली योनी. पाळीचं रक्त योनीतून येतं, लघवीतून नाही." हाताची तीन बोटं दाखवून सांगितलं तरी चालतं. दुसरी गोष्ट म्हणजे "खराब रक्त बाहेर पडतं" हे वाक्य. ते खरं नाही, आणि त्यातूनच पोरीच्या मनात आपण घाण असल्याची भावना बसते. बोट कापलं तर येतं तेच हे रक्त, त्यात फक्त गर्भाशयाचं अस्तर मिसळलेलं असतं.

पूर्ण गोष्ट सांगायची तर अशी: "तुझ्या पोटात, बेंबीच्या खाली, एक छोटी पिशवी आहे. तिला गर्भाशय म्हणतात. आत्ता ती तुझ्या मुठीहूनही लहान आहे. बाळ वाढतं ते याच पिशवीत. तिच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात, त्यात जन्मापासूनच खूप बारीक बीजं असतात. तू मोठी व्हायला लागलीस की मेंदू अंडाशयांना काम सुरू करायचा निरोप पाठवतो. मग दर महिन्याला गर्भाशय आतून मऊ अस्तर तयार करतं. बाळ येणार असेल तर ते लागतं. बाळ नसेल तर ते अस्तर सुटतं आणि थोड्या रक्ताबरोबर तीन ते सात दिवस हळूहळू बाहेर येतं. तीच पाळी. मला येते, काकूला येते, तुझ्या बाईंनाही येते. कुठे लागल्यामुळे रक्त येत नाही, आणि ते आपल्याला धरून ठेवता येत नाही, म्हणून पॅड लावायचा."

"धरून ठेवता येत नाही" हे मुद्दाम सांगा. लघवी रोखता येते तशी पाळीही रोखता येईल असं मुलींना वाटतं, आणि कपड्याला डाग लागला की आपलंच चुकलं म्हणून त्या रडतात.

रक्त किती जातं हे तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवा. एक पॅड उघडा. बीट किसून पिळलेलं लाल पाणी घ्या आणि चहाच्या चमच्याने दोन चमचे त्यावर मध्यभागी ओता. डाग केवढा पसरतो ते बघू द्या. बघणाऱ्याला तो भयंकर मोठा वाटतो. मग सांगा की सगळ्या दिवसांचं मिळून असे साधारण सहा ते आठ चमचे, म्हणजे तीस-चाळीस मिलिलीटर रक्त जातं, आणि ते शरीर भरून काढतं. पॅडची मागची चिकटपट्टी काढून चड्डीवर लावायला तिलाच सांगा, बाजूचे पंख खाली दुमडायला लावा. कोरड्या चड्डीवर एकदा हाताने करून पाहिलेलं असलं की शाळेच्या अंधाऱ्या बाथरूममध्ये, दाराला कडी नसताना, एका हाताने दार धरूनही जमतं. कमी स्राव असला तरी चार ते सहा तासांनी पॅड बदलायचा आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा. संडासात टाकायचा नाही, तुंबतो.

घरी कापड वापरत असाल तर कापड वाईट नसतं, वाईट असतं ते लपवून वाळवणं. सुती कापड आधी थंड पाण्यात, मग साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तासाभरात खडखडीत वाळतं. पण साडीखाली किंवा पलंगामागे दमट ठेवलं की तिथे बुरशी धरते आणि मग खाज सुटते. पावसाळ्यात वाळत नसेल तर इस्त्री फिरवा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली नाही तर हमखास घोटाळा होतो. पहिली पाळी बहुतेकदा लालभडक नसते. रक्त हळूहळू येतं, वाटेत काळं पडतं, आणि चड्डीवर चॉकलेटी किंवा काळपट डाग दिसतो. पोरीला वाटतं आपल्याला चड्डीत शी झाली. मग ती चड्डी धुते, लपवते, कधी फेकूनही देते, आणि दोन-तीन दिवस कुणाला बोलत नाही. "पहिल्यांदा लाल नाही, तपकिरीही असू शकतं" एवढं वाक्य तिला माहीत असलं की ती थेट तुमच्याकडे येईल.

पांढऱ्याबद्दलही तसंच. पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधी चड्डीवर पांढरट, चिकट ओल दिसते. वाळली की पिवळसर होते. घरातल्या मोठ्या बायका याला लगेच "अंगावरून जातंय" म्हणतात आणि पोर कमजोर झाली म्हणून औषधं सुरू करतात. वास नसेल, खाज नसेल, तर हा आजार नाही. संप्रेरकांचं काम नीट सुरू झाल्याचं ते लक्षण आहे, आणि तुमच्यासाठी दप्तरात पिशवी ठेवायची सूचना. खाज, आग, दुर्गंधी, हिरवट रंग किंवा रक्ताचे धागे असतील तरच दाखवा. मुलीला सांगायचं ते इतकंच: "डोळ्यांतून पाणी येतं तशी योनीलाही थोडी ओल असते, ती जागा स्वतःला स्वच्छ ठेवते. आतून साबण लावायचा नाही, बाहेरून पाण्याने धुवायचं, पुढून मागे."

दप्तरातल्या पिशवीत दोन पॅड, एक चड्डी आणि थोडा जुना पेपर पुरे. शाळेत कुणाला सांगायचं ते आधीच ठरवा, आणि काय म्हणायचं तेही ठरवा. "बाई, मला पाळी आली आहे, बाथरूमला जायचंय" हे वाक्य घरात दोनदा म्हणवून घ्या. वर्गशिक्षक पुरुष असतील तर "सर, मला बाईंकडे जायचंय" एवढं पुरतं.

ती विचारेलच, "पण बाळ पोटात येतं कसं?" ताई, यावर "देव देतो" म्हणू नका. अकरा वर्षांच्या मुलीला ते पटत नाही, ती फक्त विचारणं बंद करते. एवढं सांगा: "बाईच्या शरीरात बीज असतं, पुरुषाच्या शरीरातही बीज असतं. दोन्ही एकत्र आली की बाळाची सुरुवात होते. त्यासाठी मोठी माणसं शरीराने एकमेकांच्या खूप जवळ येतात. ती मोठ्या माणसांची, दोघांच्या मर्जीने होणारी गोष्ट आहे, मुलांची नाही." ती इथेच थांबली तर तुम्हीही थांबा. पुढे विचारलंच तर "पुरुषाचं लघवीचं अंग बाईच्या योनीत जातं आणि तिथे बीज पोहोचतं" हे सरळ, एका वाक्यात सांगता येतं. बहुतेक मुली "ई" म्हणून विषय बदलतात. त्याच बोलण्यात हेही यायला हवं: "मोठ्या माणसाने मुलाशी असं काही केलं, नको तिथे हात लावला, मोबाइलवर तसलं दाखवलं, किंवा कुणाला सांगू नको म्हटलं, तर तो गुन्हा आहे. ओळखीचा असला, नात्यातला असला तरी. चूक तुझी नसते. मला लगेच सांगायचं, मी रागावणार नाही." 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली अठराच्या आतल्या मुलांना संरक्षण आहे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर आहे. तो तिला पाठ असू द्या.

मुलांमध्येही बदल होतात, त्यांचा आवाज फुटतो, मिसरूड येते, हे दोन वाक्यांत सांगा. भाऊ असेल तर त्यालाही बहिणीबद्दल एवढं माहीत असू द्या की डाग दिसला तर हसायचं नाही, दप्तर मागे धरायला द्यायचं.

आता सासूबाई. "सांगितलं तर पोर बिघडेल" ही भीती त्यांच्या जागी खोटी नाही. त्यांच्या काळात पाळी आली की लग्नाची बोलणी सुरू व्हायची, म्हणून तो विषय जेवढा लांबेल तेवढा बरा वाटायचा. आज पोरगी टीव्हीवर पॅडच्या जाहिराती बघते आणि मोबाइल तिच्या हातात असतो. तुम्ही नाही सांगितलं तर ती अजाण राहणार नाही, दुसरीकडून शिकेल. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच विचारा, "तुम्हाला पहिल्यांदा आली तेव्हा काय झालं होतं?" बहुतेक आज्यांना घाबरल्याचंच आठवतं. नातीला ते ऐकू द्या. आजीचा विरोध बराचसा तिथेच गळून पडतो, असा माझा अनुभव आहे.

शिवाशिवीचा प्रश्न मात्र उरतोच. तुमच्याकडे श्रावणात कानबाई बसत असेल तर पाळी आलेल्या बाईला रोटाच्या स्वयंपाकापासून लांब ठेवत असतील. मुलगी विचारेल, का? देवघरात काय पाळायचं ते तुमचं घर ठरवेल, त्यात मी पडत नाही. पण कारण खोटं सांगू नका. "आपल्या घरात असा रिवाज आहे, पाळी घाण असते म्हणून नाही" असं सांगितलं तर निदान शरीराबद्दल तिच्या मनात काही चुकीचं बसणार नाही. लोणचं नासतं, बिबडे काळे पडतात, तुळस सुकते, हे साफ खोटं आहे. शंका असेल तर एक बरणी बाजूला ठेवा, तिला हात लावू द्या आणि महिन्याने बघा. जिथे माघार घ्यायची नाही अशा गोष्टी मोजक्याच आहेत: त्या दिवसांत ती रोज आंघोळ करेल, पोटभर आणि घरचं सगळं खाईल, नेहमीच्या जागी झोपेल आणि शाळेत जाईल. ओसरीत किंवा गोठ्याशेजारी एकटीला झोपवणं हा रिवाजाचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

खाण्यावरून आठवलं. या वयात कंबर आणि मांड्या भरतात. "जाड झाली गं" असं येता-जाता कुणी म्हणालं की मुली भाकरी कमी करतात, नेमकी उंची वाढायच्या वर्षात. चरबी थोडी वाढणं पाळी सुरू व्हायला लागतंच. अंडी, पपई, मेथीने पाळी लवकर येते म्हणून ती बंद करू नका, तसं होत नाही. कळण्याची भाकरी, मेथी, शेंगदाणे, डाळी भरपूर द्या, सोबत लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, त्याने लोह शोषलं जात नाही. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, ती जेवणानंतर घेऊ द्या. शी काळी झाली तर घाबरायचं नाही. पाळी आली की उंची थांबते, अशीही एक समजूत आहे. थांबत नाही, वेग कमी होतो. पहिल्या पाळीनंतर साधारण पाच ते सात सेंटिमीटर आणखी वाढते.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षं ती वेळेवर यायची अपेक्षा ठेवू नका. मी सांगितलेल्या त्या मुलीला मार्चनंतर थेट मेच्या शेवटी आली, मग जूनअखेरीस, मग ऑगस्टच्या मध्यात. आईने गर्भाशय तपासायचं का विचारलं. गरज नव्हती. सुरुवातीला बऱ्याच महिन्यांत अंडाशयातून बीज बाहेरच पडत नाही, म्हणून तारखा मागेपुढे होतात. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत एकवीस ते पंचेचाळीस दिवस या वयात चालतात, आणि पहिल्या वर्षात मध्येच एखादा लांब खंड पडला तरी चालतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या दिवसाला बारीक टिंब करायला तिलाच शिकवा. नियमित व्हावी म्हणून गोळ्या मागायला जाऊ नका.

बीज बाहेर पडत नाही, याच कारणाने पहिल्या काही पाळ्या बहुधा दुखतही नाहीत. सहा-आठ महिन्यांनी बीज सुटायला लागलं की ओटीपोटात कळा सुरू होतात, आणि आईला वाटतं काहीतरी बिघडलं. गर्भाशय अस्तर बाहेर टाकण्यासाठी आवळतं, त्याने दुखतं. गरम पाण्याची पिशवी, चालणं-फिरणं, आणि तरी नाही भागलं तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी. ती कळ सुरू होतानाच, काहीतरी खाऊन घ्यायची. दुखणं अंगभर चढल्यावर तिचा उपयोग कमी होतो. "सहन कर, बाईच्या जातीला आहेच" हे तिला ऐकवू नका. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ते सहन करायचं दुखणं नाही, तपासायचं दुखणं आहे.

डॉक्टरांकडे आणखी कधी न्यायचं तेही सांगते. पॅड एक-दोन तासांत भिजतोय आणि असं काही तास चाललंय, किंवा पाळी सात दिवसांहून जास्त लांबतेय, तर थांबू नका. काही मुलींत रक्त गोठण्याचा दोष पहिल्यांदा पाळीतूनच कळतो. हिरड्यांतून रक्त येणं, नाकातून वारंवार रक्त येणं, अंगावर सहज काळेनिळे डाग पडणं असं आधीपासून असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पहिल्या वर्षानंतर तीन महिन्यांहून लांब खंड एकदा जरी पडला तरी दाखवा. आठ वर्षांच्या आत स्तन वाढू लागले, तेरा पूर्ण होऊनही काहीच सुरुवात नाही, किंवा गाठ आल्यावर तीन वर्षं उलटूनही किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, तर तपासणी हवीच. पाळी आलेली नाही पण दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोटात जोराने दुखतं, अशी मुलगी असेल तर लवकर दाखवा. योनीचा पडदा पूर्ण बंद असला की रक्त आत साठत जातं. छोट्या शस्त्रक्रियेने ते मोकळं होतं, पण पोटदुखीची औषधं देत महिनोन्‌महिने घालवले की मुलीला फुकट त्रास होतो.

तपासणीला आणाल तेव्हा टिंबांचं कॅलेंडर सोबत आणा, दारावर उंचीच्या रेघा मारत असाल तर त्या मोजून आणा, आणि मुलीच्या प्रश्नांची उत्तरं मुलीलाच देऊ द्या. या वयाच्या मुलीची आतून तपासणी लागत नाही, फार तर पोटावरून सोनोग्राफी करतात, हे तिला घरून निघतानाच सांगा. नाहीतर ती दवाखान्याच्या पायरीवरच अडून बसते.